आपली पाळी येईपर्यंत

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी विषय दिला, ‘वेळ’. विषय हातात पडला तेव्हा मला ताई आठवली. माझी चुलत बहीण. माहेर पाळीचं, डिचोली तालुक्यातलं; सासर पेडण्याला. पेडण्याहून रोज पहाटेच्या पॅसेंजरने ती वेर्ण्याला जाते. तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या पॅकिंग विभागात तपासणीचं काम करते आणि रात्री त्याच मार्गाने परत येते. गेली सहा वर्षं. चवथीला माहेरी आली की पाटावर बसल्या बसल्या तिचा डोळा लागतो, आणि आमची काकी सगळ्यांना हळू बोलायला सांगते. एवढंच मला तिच्या प्रवासाबद्दल ठाऊक होतं.

मी तिला फोन केला. म्हटलं, “ताई, आठवडाभर तुझ्याबरोबर येऊ का गाडीने?”

“ये की. पण नाव घालू नकोस माझं. आणि मी बोलेन असं नाही हं. सकाळी मी झोपते.”

सहा दिवस गेलो. गाडी धावत असताना ताईच्या आयुष्याबद्दल जेवढं कळलं, त्याहून जास्त कळलं गाडी थांबलेली असताना.

पहाटेचं पेडणे

पेडण्याचं स्टेशन गावापासून बाजूला, मालप्याच्या अंगाला आहे. ताईचे यजमान तिला स्कूटरवरून सोडतात. पहाटे साडेचारला ती उठते. पाणी, भाजी, चपात्या, सासूबाईंची पेज, मुलीचा डबा, स्वतःचा डबा, अंघोळ. घरातून निघते ती गाडीच्या वेळेआधी पस्तीस मिनिटं. त्यातली पंधरा रस्त्यात जातात आणि वीस फलाटावर.

“वीस मिनिटं आधी कशाला?” मी पहिल्याच दिवशी विचारलं.

“ही चुकली तर मागून दुसरी नाही.”

या वाक्याचं वजन मुंबईच्या माणसाला पटकन कळणार नाही. विरार किंवा बदलापूरचा माणूसही दीड-दोन तास प्रवास करतो आणि गर्दीत पिळून निघतो; पण त्याची एक लोकल सुटली तर थोड्या वेळाने दुसरी येते. पेडण्याहून कामाच्या वेळेला पोचवणारी, प्रत्येक स्टेशनावर थांबणारी पॅसेंजर एकच. ती गेली की मग बस: पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून पणजी, पणजीहून वेर्णा. तीन बसगाड्या, दोन ठिकाणी उतरून धावपळ, आणि वाटेत पर्वरीचा खोळंबा. तेवढ्यात कामावर अर्ध्या दिवसाची रजा पडते.

गाडी आली. दुसऱ्या वर्गाचा साधा डबा. ताईच्या पर्समध्ये महिन्याचा पास असतो. हा पास अनारक्षित डब्याचा. लांब पल्ल्याच्या गाड्या मधूनच धडधडत जातात, पण त्यांतल्या बहुतेक वेर्ण्याला थांबत नाहीत, त्यामुळे त्यांचा तिला उपयोग नाही. डब्यात सावंतवाडी, मडुऱ्याकडून बसून आलेली माणसं होती. एका बाईने पाय आखडून घेतले, ताईने तिथे बसून डोकं खिडकीच्या गजाला टेकवलं आणि कोलवाळची नदी येण्याआधी ती झोपली होती.

चोवीस तासांचा हिशेब

तिसऱ्या दिवशी मी तिचा दिवस मिनिटांत मांडला. वेर्ण्याच्या फलाटावर, माझ्या वहीत. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो.

पेडणे ते वेर्णा अंतर पन्नासेक किलोमीटर. गाडी सुरळीत चालली तर सव्वा तास. घर ते स्टेशन, फलाटावरची वाट, गाडी, स्टेशन ते कंपनीचं फाटक हे सगळं मिळून 130 मिनिटं. फाटकापाशी ती कामाच्या वेळेआधी अर्धा तास पोचते. ती लवकर निघते म्हणून नव्हे. गाडी त्याच वेळेला आहे म्हणून. मग साडेआठ तास काम. सुटल्यावर वीस मिनिटांत पुन्हा स्टेशन. तिथे गाडीसाठी साधारण तासभर थांबायचं, कारण कंपनीची वेळ आणि गाडीची वेळ एकमेकींना विचारून ठरलेल्या नाहीत. परतीचा सव्वा तास, त्यात रोजचा उशीर, मग घर.

बेरीज आली साडेचौदा तासांच्या जवळ. पगाराचे तास त्यातले साडेआठ. उरलेले साडेनऊ तास. झोप सहा तास. राहिले साडेतीन. त्यात दोन वेळचा स्वयंपाक, पाणी, कपडे, सासूबाईंची औषधं, जेवण, अंघोळ.

“स्वतःसाठी किती धरू?” मी विचारलं.

ताईने बराच विचार केला. “वीस मिनिटं. रात्री. पण तेव्हा मी काहीच करत नाही, नुसती बसते.”

मग ती म्हणाली, “तू तो उशीर पंचवीस मिनिटं धरलास ना, तिथे चूक आहे. पंचवीस कधीच नसतो. कधी पाच असतो, कधी सत्तर.”

हे तिचं वाक्य मी वहीत अधोरेखित केलं. उशीर रोज पंचवीस मिनिटंच असता तर तो वेळापत्रकाचा भाग झाला असता. ताईने त्याप्रमाणे कुकर लावायला सांगितला असता, मुलीला वेळ सांगितली असती. पाच की सत्तर हे माहीत नसल्यामुळे तिला रोज सत्तर धरूनच घर लावून ठेवावं लागतं. गाडी वेळेवर आली तर वाचलेली पासष्ट मिनिटं कशाच्याच कामाची नसतात. त्यांच्यासाठी आधी काही ठरवलेलंच नसतं.

हा उशीर येतो कुठून, ते समजून घ्यायला रुळांकडे पाहावं लागेल.

एक रूळमार्ग आणि दोन दिशा

कोकण रेल्वे जानेवारी 1998 मध्ये रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सलग सुरू झाली. लांबी सुमारे 740 किलोमीटर. उत्तरेकडचा रोहा ते वीर हा छोटा तुकडा सोडला तर आजही हा मार्ग एकेरी आहे. जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्या एकाच रुळांवरून धावतात आणि फक्त स्टेशनात एकमेकींना ओलांडतात. स्टेशनात मुख्य मार्गाच्या बाजूला एक जोडमार्ग असतो, त्याला लूप म्हणतात. प्रवासी म्हणतात, ‘सायडिंगला टाकली.’

दोन स्टेशनांच्या मधल्या पट्ट्यात एका वेळी एकच गाडी असू शकते. थिवीच्या स्टेशन मास्तराला गाडी करमळीकडे सोडायची असेल तर आधी करमळीच्या मास्तराकडून ‘लाइन क्लिअर’ मिळावी लागते. ती मिळाल्याशिवाय सुटण्याचा सिग्नल पडतच नाही. यंत्रणाच तशी बांधलेली आहे. आता समजा आपली पॅसेंजर थिवीत उभी आहे आणि समोरून एखादी एक्स्प्रेस नुकतीच करमळी सोडून निघाली आहे. मधलं अंतर 18 किलोमीटर धरा आणि तिचा वेग ताशी 60. तिला यायला 18 मिनिटं लागणार. तोपर्यंत आपण हलू शकत नाही. ती थिवीत शिरली, पूर्ण आत आली, तिच्यामागचा पट्टा मोकळा झाल्याची खात्री पटली, काटे पुन्हा आपल्यासाठी फिरले, की मग आपला सिग्नल. म्हणजे 20 मिनिटं गेली.

या हिशेबातून एक गोष्ट आपोआप दिसते. मधे आणखी एक लूप असता तर वाट पाहणं निम्म्यावर आलं असतं. कोकण रेल्वेने लांब पट्ट्यांच्या मधोमध नवी क्रॉसिंग स्टेशनं बांधली ती याचसाठी. कडवई, वेरवली, खारेपाटण, आचिर्णे ही त्यातली काही. यातल्या एखाद्या छोट्या स्टेशनावर माणसं थोडीच चढत असतील, पण शेकडो किलोमीटर दूर बसलेल्या प्रवाशाची दहा मिनिटं तिथे वाचतात.

मग कोणती गाडी थांबणार आणि कोणती जाणार? ते ठरवतो कंट्रोल. सगळ्या गाड्या कुठे आहेत याचा आलेख समोर ठेवून तिथला माणूस क्रॉसिंग कुठे घडवायचं ते सांगतो. राजधानी, सुपरफास्ट, एक्स्प्रेस, मग पॅसेंजर अशी मानाची उतरंड असते. याला कारण आहे. केरळला निघालेली गाडी वीस मिनिटं मागे पडली तर पुढच्या प्रत्येक क्रॉसिंगचं ठिकाण बदलतं, आणि तो उशीर पुढच्या शेकडो किलोमीटरांत इतर गाड्यांना वाटला जातो. पॅसेंजरचा उशीर सावंतवाडी-रत्नागिरीपर्यंत जाऊन संपतो. एकूण मार्गाचा विचार केला तर कंट्रोलचं बरोबर आहे. पण त्या बरोबर निर्णयाची किंमत रोज तीच माणसं देतात, जी पॅसेंजरमध्ये बसलेली असतात. इतर गाड्यांना देऊन उरलेला वेळ पॅसेंजरला मिळतो. आणि पॅसेंजरमधून उरलेला वेळ ताईच्या घराला.

थांबण्याचे तीन प्रकार

परतीच्या प्रवासात ताई झोपत नाही. चौथ्या दिवशी करमळी सोडल्यावर थोड्या वेळाने ती एकदम म्हणाली, “थिवीला सायडिंगला जाणार आज.”

“कशावरून?”

“सिग्नल बघ. वळणावर दिसेल.”

मी खिडकीतून मान काढून पाहिलं. पुढे पिवळा दिवा होता आणि त्याच्या डोक्यावर पाच पांढऱ्या दिव्यांची एक तिरकी ओळ पेटलेली. मुख्य मार्गावर सरळ जायचं असेल तर ती ओळ पेटत नाही. पेटली की गाडी बाजूला वळणार. मग वेग अगदी कमी झाला. काट्यावरून जाताना चाकांचा आवाज बदलला, डबा एका अंगाला किंचित झुकला आणि सरळ झाला. लूपवर शिरताना गाडीला संथच चालावं लागतं, त्यामुळे थांबण्याआधीच दोन-तीन मिनिटं गेलेली असतात, आणि सुटल्यावर पुन्हा वेग घ्यायला तेवढीच.

“आता हे क्रॉसिंग आहे की मागून कोणी येतंय, ते बघायचं,” ताई म्हणाली.

सहा वर्षांत तिने थांबण्याचे तीन प्रकार वेगळे केले आहेत. पुस्तकातून नाही, बसून बसून.

पहिला प्रकार क्रॉसिंग. समोरून गाडी येते, आपल्या शेजारून जाते, आणि ती आत आली की आपला रस्ता मोकळा. कारण ती ज्या पट्ट्यातून आली, तोच आपल्याला हवा असतो. समोरची गाडी गेल्यावर ताई मनात मोजते. पाच मिनिटांच्या आत हलली तर ठीक.

दुसरा प्रकार मागून येणारी. एखादी जलद गाडी आपल्याला मागे टाकून त्याच दिशेने जाणार. संध्याकाळी मडगावहून मुंबईकडे निघालेली कोकणकन्या मागून येत असेल, तर तिला आधी सोडतात. अनोळखी प्रवाशाला वाटतं, गेली एकदाची, आता आपण सुटू. पण सुटत नाही. ती गेली ती आपल्याच पुढच्या पट्ट्यात गेलेली असते. ती पेडण्याला पोचून पट्टा मोकळा होईपर्यंत आपल्याला थिवीत लाइन क्लिअर मिळणार नाही. म्हणजे ती येईपर्यंत थांबायचं, आणि ती गेल्यावरही दहा-बारा मिनिटं थांबायचं. एकूण अर्धा तास धरावा.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. गाडी स्टेशनाबाहेर, झाडीत, लाल दिव्यासमोर उभी राहते. समोरून कोणी येत नाही, मागून कोणी येत नाही. सिग्नल बिघडला असेल, पुढच्या स्टेशनात जागा नसेल, रुळांचं काम असेल. कुणी सांगायला येत नाही. “तेव्हा फक्त गार्डाकडे बघायचं,” ताई म्हणाली. “तो खाली उतरून चालायला लागला तर डबा उघडून घ्यायचा आणि उरलंसुरलं खायचं.”

त्या संध्याकाळी थिवीत समोरून दिवे आले. क्रॉसिंग होतं. ताईने फोन काढला. “भात लाव,” एवढंच सासूबाईंना सांगितलं आणि ठेवून दिला. क्रॉसिंग म्हटलं की तिला कळतं, आता घरी पोचायला साधारण किती मिनिटं. भात शिजून वाफ जिरेपर्यंत ती दारात असते. मागून येणारी गाडी असेल तर ती फोन करत नाही. पिशवीतून मुलीची वही काढते.

गणिताची वही

मुलगी दहावीत आहे. तिला न सुटलेली गणितं ती रात्री एका वेगळ्या वहीत उतरवून ठेवते आणि वही आईच्या पिशवीत टाकते. आई परतीच्या गाडीत ती सोडवते आणि घरी आल्यावर तिच्या उशाशी ठेवते. दोघींची जागेपणी भेट दिवसातून तासभर. त्यात गणित शिकवायला बसणं होत नाही. म्हणून हे टपाल.

ताई बारावीपर्यंत शिकलेली. पुढे शिकायची होती. पाळीत तेव्हा घरोघर ट्रक होते, आमच्या काकांचाही होता. खनिजाच्या वाहतुकीवर घर चालायचं. सप्टेंबर 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. मधे पुन्हा थोड्या सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चच्या मध्यापासून पुन्हा थांबल्या. काकांचा ट्रक अंगणात गंजला आणि शेवटी भंगारात गेला. पेडण्याच्या घरातही उत्पन्न बेताचं. सासू, मुलगी आणि कर्ज एवढ्यांसाठी दुसरा पगार हवा होता. पेडण्याच्या परिसरात तिला जमेल असं महिन्याचं काम मिळालं नाही, वेर्ण्याला मिळालं.

वेर्ण्याच्या स्टेशनात संध्याकाळी ती गाडीची वाट पाहत बसते, तेव्हा कधी कधी रोरोची गाडी उभी असते. कोकण रेल्वेने 1999 मध्ये सुरू केलेली ही सेवा: भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवायचे आणि रेल्वेने कोलाडला, नाहीतर दक्षिणेत सुरतकलला न्यायचे. ड्रायव्हर आपापल्या ट्रकच्या केबिनमध्ये बसून प्रवास करतात. पाचव्या दिवशी आम्ही बाकावर बसलो होतो आणि समोरून ती लांबलचक रांग सरकत गेली. ताई एकही ट्रक न चुकवता पाहत होती. “बाबांना दाखवायला हवं होतं,” म्हणाली. “ट्रक गाडीत बसून जातो हे त्यांना खरं नसतं वाटलं.”

त्या रात्री मागून येणाऱ्या गाडीसाठी थांबलो. वही उघडली. गणित होतं वर्गसमीकरणाचं: एक गाडी 240 किलोमीटर एका ठरावीक वेगाने जाते, वेग ताशी 20 किलोमीटरने जास्त असता तर एक तास कमी लागला असता, तर मूळ वेग किती?

डब्यातला दिवा मिणमिणता. ताईने गुडघ्यावर वही टेकवली. वेग क्ष धरला. आधी लागणारा वेळ 240 भागिले क्ष, नंतरचा 240 भागिले क्ष अधिक 20, दोन्हींतला फरक एक. तिरका गुणाकार केला. क्ष वर्ग, अधिक 20 क्ष, वजा 4800 बरोबर शून्य. मग ती अडली. 4800 चे असे दोन अवयव हवे होते, ज्यांच्यात 20 चा फरक असेल. तिने समासात 40 गुणिले 120 लिहिलं, खोडलं. 50 गुणिले 96 लिहिलं, खोडलं. शेजारच्या रुळांवरून कोकणकन्या गेली, आमची खिडकी थरथरली, वहीवर उजेडाचे चौकोन धावत गेले. तिने मान वर केली नाही. 60 गुणिले 80.

“साठ,” ती म्हणाली. खाली दोन रेघा ओढल्या.

मग थोडा वेळ त्याच पानाकडे पाहत राहिली. “आपली किती रे चालते?”

मी हिशेब केला. पन्नास किलोमीटर सव्वा तासात म्हणजे ताशी 40. आजच्यासारखी पंचवीस मिनिटं गेली तर शंभर मिनिटांत पन्नास, म्हणजे 30.

“आणि वेग वाढवला तर?”

मी म्हटलं, फारसा फरक पडणार नाही. पॅसेंजर हल्ली विजेच्या इंजिनावर चालते. सगळ्या कोकण मार्गाचं विद्युतीकरण 2022 मध्ये पूर्ण झालं. इंजिन कमी पडत नाही. धावण्यात पाच मिनिटं वाचवली तरी ती पुढच्या लूपमध्ये उभं राहण्यात जातील, कारण समोरची गाडी तिच्या वेळेलाच येणार.

ताईने मान हलवली. “म्हणजे या गणितात थांबणं धरलेलंच नाही,” म्हणाली आणि वही मिटली.

पावसाळ्यातली गाडी

मी गेलो ते दिवस पावसाचे नव्हते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं. जूनमध्ये ते लागू होतं आणि ऑक्टोबरात उठतं. कापलेल्या डोंगरांतून माती-दगड खाली येण्याचा धोका असतो, म्हणून वेग मुद्दाम कमी ठेवतात. धो-धो पाऊस असेल तर आणखी उतरवतात. हे सुरक्षिततेसाठी आहे आणि कुणी त्याला नाव ठेवत नाही. ताई म्हणते, पावसाळी वेळापत्रक तिला उलट बरं वाटतं. त्यात उशीर आधीच छापलेला असतो.

पण पेडण्याला पावसाची वेगळी धास्ती आहे ती बोगद्याची. पेडण्याचा बोगदा, लांबी दीड किलोमीटरच्या आसपास, कोकण रेल्वेच्या बांधकामातला सगळ्यात त्रासाचा भाग होता. इतरत्र बहुतेक ठिकाणी कातळ फोडायचा होता. इथे डोंगराच्या पोटात पाणी धरलेली मऊ माती होती. खणावं तेवढी ती पुन्हा आत यायची. सगळी रेल्वे तयार होऊन या तुकड्यासाठी खोळंबली होती. ती माती आजही तिथेच आहे. ऑगस्ट 2020 मध्ये बोगद्याच्या भिंतीचा भाग कोसळला. जुलै 2024 मध्ये मालप्याजवळ बोगद्यात रुळांखालून पाणी आणि चिखल वर आला. गाड्या रद्द झाल्या, लांब पल्ल्याच्या काही पुणे, मिरज, लोंढा अशा वळवल्या.

लांब पल्ल्याच्या गाडीला वळवायला दुसरा मार्ग असतो. पॅसेंजरला वळण नसतं, ती रद्द होते. त्या दिवसांत ताई तीन बस बदलून गेली. पहिल्या दिवशी दीड तास उशीर झाला आणि अर्ध्या दिवसाचा पगार गेला. दुसऱ्या दिवशी ती चारला उठली.

तिला काय हवंय

शेवटच्या दिवशी मी तिला विचारलं, “तुझ्या हातात असतं तर काय बदललं असतंस?” मला वाटलं ती म्हणेल, दुपदरी मार्ग. सगळेच म्हणतात. डोंगर, बोगदे आणि खाड्यांवरचे पूल पाहता ते काम अवघड आणि खर्चाचं आहे. झालं तर तिच्या नोकरीनंतर होईल.

तिने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, संध्याकाळच्या गाडीची वेळ वेर्ण्याच्या सामान्य पाळीला धरून असावी. कारखाने साधारण एकाच सुमाराला सुटतात, माणसं एकाच सुमाराला स्टेशनात येतात, आणि मग तासभर बाकावर बसतात. त्या तासात गाडी आली तर तिला दिवसाला एक तास मिळेल, महिन्याला पंचवीस. नवा रूळ न टाकता.

दुसरी, गाडी सायडिंगला गेली की कुणीतरी सांगावं, कशासाठी आणि किती वेळ. स्टेशन मास्तराला ते माहीत असतं. त्याने पुढच्या मास्तराशी बोलूनच गाडी थांबवलेली असते. फलाटावर कर्णा असतो. “क्रॉसिंग, पंधरा मिनिटं, एवढंच म्हणायचं. मला ते सहा वर्षांनी ओळखता यायला लागलं. नवीन लागलेल्या पोरी घाबरतात. घरच्यांना सारखा फोन करत बसतात.”

मला ही दुसरी मागणी पहिलीपेक्षा मोठी वाटली. पहिलीत ताईला जास्त वेळ मिळेल. दुसरीत गाडी तेवढीच उशिरा येईल, पण उशिरातला वेळ तिच्या हातात राहील. पंधरा मिनिटं आहेत हे कळलं तर त्यांत एक गणित सुटतं. कळलं नाही तर पंधरा मिनिटं सिग्नलकडे बघण्यात जातात.

आमच्या पाळीत रेल्वे नाही. थिवी नाहीतर करमळी गाठायची तरी बस किंवा गाडी लागते. लहानपणी ताईला आणि मला गावाच्या नावाची गंमत वाटायची, कारण विहिरीवर रांग लागली की मोठी माणसं म्हणायची, थांबा, तुमची पाळी येईल. त्या शेवटच्या रात्री आम्ही थिवीच्या लूपवर उभे होतो. समोरून एक्स्प्रेस आली, गेली. ताईने फोन करून भात लावायला सांगितला होता. वही उघडून ती कालचं पान पाहत होती. तिच्या उत्तराखाली मुलीने पेन्सिलीने एक ओळ लिहिली होती: ‘आई, 50 गुणिले 96 खोडायला नको होतंस. ते पण 4800 च होतात, फक्त फरक 46 येतो.’

ताईने पिशवीतून पेन काढलं. खाली लिहिलं, ‘हो. पण मला 20 हवा होता.’ थोडं थांबून आणखी लिहिलं, ‘रविवारी दोघी बसू.’

पुढचा दिवा लाल होता तो पिवळा झाला. गाडी हलली.